शेऱ्याच्या रकान्यातला पाऊस

आमच्या पावसाच्या नोंदवहीतला पहिला वाद तारखेवरून झाला. शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. सातवीतल्या एका मुलीने सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातले पाणी मोजले आणि तो आकडा त्याच दिवसाच्या तारखेसमोर लिहिला. शाळा भरल्यावर वर्गातल्या एका मुलाने वही उघडली आणि आक्षेप घेतला, "बाई, पाऊस काल दुपारी पडला. आज सकाळपासून एक थेंब नाही. मग आजच्या तारखेला का लिहायचा?" मुलगी म्हणाली, "मोजला आज ना?" या दोन वाक्यांवर अर्धा तास गेला, आणि मी तो जाऊ दिला, कारण दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते.

भारतीय हवामान विभागाची रीत अशी आहे की आदल्या दिवशीच्या सकाळी साडेआठपासून आजच्या सकाळी साडेआठपर्यंतचा पाऊस आजच्या तारखेला लिहायचा. वर्तमानपत्रात 'गेल्या चोवीस तासांत' म्हणून येणारे आकडेही बहुधा याच साडेआठचे असतात. त्यामुळे ३१ जुलैला दुपारी कोसळलेला पाऊस एक ऑगस्टच्या नोंदीत, म्हणजे ऑगस्टच्या बेरजेत जातो. मुलाला हे अन्यायाचे वाटले. त्याच्या समाधानासाठी आम्ही आकड्याशेजारी एक रुंद रकाना आखला आणि त्याला 'शेरा' असे नाव दिले. पाऊस कधी पडला, कसा पडला, वारा कुठून होता, हे त्यात लिहायचे ठरले. आकडा मात्र साडेआठचाच राहणार होता. सत्र संपले तेव्हा हा रकाना आकड्यांच्या रकान्याहून जास्त भरलेला होता, आणि वहीतल्या बऱ्याच आकड्यांचा अर्थ तो वाचल्याशिवाय लागत नव्हता.

आमची शाळा संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याकडच्या एका गावात आहे. जून ते सप्टेंबरात इथे तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होणे ही नवलाची गोष्ट नाही. शाळा साडेदहाला भरते आणि नोंद साडेआठची हवी, म्हणून मोजणीचे काम शाळेमागच्या वाडीतल्या चार मुलांनी वाटून घेतले. त्यांना रविवारीही शाळेच्या आवारात यावे लागणार होते. सुरुवातीला सगळ्यांना ते फार मानाचे वाटले. जुलैच्या मध्यापर्यंत मानाचा भाग ओसरला आणि इरले डोक्यावर घेऊन चिखलातून येण्याचा भाग तेवढा शिल्लक राहिला.

पहिले साधन म्हणजे शाळाशाळांतून करतात तेच, शीतपेयाच्या दोन लिटरच्या बाटलीचे. बाटलीचा खांदा जिथे संपतो आणि सरळ भाग सुरू होतो तिथे ती कापायची, वरचा तुकडा बूच काढून उलटा आत बसवायचा, म्हणजे त्याचे नरसाळे होते. बाटलीच्या बुडाला पाच पाय असतात आणि आतून ते खड्ड्याखड्ड्यांचे असते. तिथे बारीक खडी आणि सिमेंटचा गारा ओतून सपाटी करायची, आणि त्या सपाटीपासून शून्य धरून मिलिमीटरची पट्टी बाहेरून चिकटवायची. बाटलीचे तोंड आणि पोट एकाच व्यासाचे असल्याने हिशेब लागत नाही. आत जितके मिलिमीटर पाणी, तितके मिलिमीटर पाऊस. हिशेब नसणे ही या साधनाची मोठी सोय आहे, आणि देशावरच्या एखाद्या शाळेला ते सबंध पावसाळा पुरेलही.

आमच्याकडे ते पहिल्याच जोरदार रात्री अडले. सकाळी मुले पाहतात तो उलट्या नरसाळ्यात काठापर्यंत पाणी उभे होते, आणि नरसाळ्याच्या बाहेरच्या बाजूला, बाटलीची भिंत आणि नरसाळे यांच्या मधल्या फटीत, हवा तशीच होती. पट्टीवर पाणी नेमके कुठवर आले म्हणायचे, हे कोणालाच सांगता येईना. कारण सरळ आहे. नरसाळ्याचा कडा आम्ही चिकटपट्टीने चांगला घट्ट बंद केला होता. पाणी चढत चढत नरसाळ्याच्या नळीला टेकले की भोवतीच्या हवेला बाहेर पडायला वाट उरत नाही. ती हवा पाण्याला वर येऊ देत नाही आणि त्यापुढचा पाऊस नुसता नळीत आणि नरसाळ्यात साठतो. म्हणजे बाटली अठरा-वीस सेंटिमीटर उंच दिसत असली तरी विश्वासाने वाचता येते ती नळीच्या टोकापर्यंतच, आणि आमच्या बाटलीत ते अंतर जेमतेम आठ सेंटिमीटर होते. कड्याखाली सुईने दोन भोके पाडली की हवा निघून जाते आणि थोडे अधिक वाचता येते, पण कोकणातल्या जुलैला तेही पुरत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी एक अरत्नी, म्हणजे साधारण हातभर, रुंद तोंडाचे भांडे ठेवून पाऊस मोजायला सांगितले आहे, आणि निरनिराळ्या प्रदेशांचा पाऊस द्रोण या मापात दिला आहे. अपरान्ताचा, म्हणजे आपल्या कोकणपट्टीचा पाऊस मात्र तिथे 'अमित', म्हणजे अमाप, म्हणून सोडून दिलेला आहे. हे मी वर्गात सांगितले तेव्हा एका मुलाने विचारले, "त्यांची बाटलीपण भरली असेल का, बाई?"

दुसऱ्या साधनासाठी आम्ही पाणी साठवण्याचे भांडे आणि पाऊस झेलण्याचे तोंड वेगवेगळे केले. हवामान खात्याच्या पर्जन्यमापकाची रचनाही मुळात हीच असते. वर ठरावीक क्षेत्रफळाचे तोंड, खाली अरुंद गळ्याची बाटली. गावात कोणाच्या तरी बांधकामात उरलेला सहा इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा मिळाला. त्यातून एक वीतभर उंचीचे कडे कापले, खाली हार्डवेअरच्या दुकानातले मोठे नरसाळे एम-सीलने जोडले आणि नरसाळ्याची नळी खाद्यतेलाच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये सोडली. पसरट नरसाळे नुसतेच ठेवले तर जोराच्या सरीत थेंब आपटून बाहेर उडतात. वरचे उभे कडे ते थेंब अडवते, म्हणून ते हवेच.

मग क्षेत्रफळ काढायचे होते. दुकानदार पाइपाला सहा इंची म्हणतो, पाइपावर १६० मिलिमीटर छापलेले असते, आणि तो बाहेरचा व्यास असतो. पाऊस झेलतो तो आतला. मुलांनी तीन दिशांनी पट्टी धरून आतला व्यास मोजला आणि सरासरी १५.२ सेंटिमीटर आली. त्रिज्या ७.६, तिचा वर्ग ५७.७६, त्याला ३.१४१६ ने गुणले की साधारण १८१.५ चौरस सेंटिमीटर. या क्षेत्रावर एक मिलिमीटर, म्हणजे सेंटिमीटरचा दहावा हिस्सा, पाऊस साचला तर ते पाणी १८.१५ घनसेंटिमीटर, म्हणजे तितकेच मिलिलिटर होते. पाणी मिलिलिटरमध्ये मोजायचे आणि १८.१५ ने भागायचे, एवढाच पुढचा सारा हिशेब. कॅन काठोकाठ भरला तर २७५ मिलिमीटर. त्याच्या वरच्या पावसाची पाळी आमच्यावर आली नाही.

या कड्याने एक प्रश्न उभा केला, आणि तो मला सबंध प्रकल्पातला सर्वांत शिकवणारा वाटतो. पाइपाची भिंत चार मिलिमीटर जाड आहे. त्या जाड सपाट काठावर पडलेला थेंब आतला की बाहेरचा? तो फुटतो, अर्धा आत जातो, अर्धा बाहेर. चार मिलिमीटर हा क्षुल्लक प्रकार वाटतो, पण बाहेरच्या व्यासाने क्षेत्रफळ काढून पाहिले तर ते २०१ चौरस सेंटिमीटर येते, म्हणजे आतल्यापेक्षा जवळजवळ अकरा टक्के जास्त. काठावरचे अर्धे पाणी आत गेले असे धरले तरी दर शंभर मिलिमीटरला पाच-साडेपाच मिलिमीटर पाऊस फुकटचा वाढतो. म्हणून कानशीने काठ बाहेरच्या बाजूने तासत नेला. आतली कड तशीच ठेवून बाहेरून उतार द्यायचा, म्हणजे काठ धारेसारखा होतो आणि थेंबाला मधे बसायला जागा राहत नाही. विकतच्या पर्जन्यमापकाचा काठ पितळी किंवा तसाच धारदार का असतो, हे मुलांना त्या दिवशी कोणी सांगावे लागले नाही. तासताना आतली कड कुठे खरवडली तर व्यास पुन्हा मोजावा लागतो, हे मात्र सांगावे लागले.

जागा निवडताना नियम साधा होता. जवळच्या झाडाची किंवा भिंतीची जितकी उंची, तिच्या किमान दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक हवा. आमच्या आवारात फणस आहे, त्याच्यापासून दूर जायचे म्हणजे थेट कवायतीच्या मैदानाच्या कोपऱ्यात जावे लागले, आणि तिथे चेंडू लागणार हे उघड होते. भोवती जांभ्याचे चिरे रचून तो प्रश्न सोडवला. काठ जमिनीपासून तीस सेंटिमीटर उंचीवर यावा असा संकेत आहे. फार खाली असला तर जमिनीवर आपटलेले थेंब उडून आत येतात, फार वर असला तर वारा वाढतो आणि थेंब तोंडावरून निसटून जातात, पाऊस खरा असतो त्याहून कमी भरतो. आमचे कॅन, नरसाळे आणि कडे मिळून उंची बरीच होत होती, म्हणून कॅनसाठी खड्डा खणला.

खड्ड्याचे काय होणार हे गावातल्या कोणत्याही शेतकऱ्याने सांगितले असते. जांभ्याच्या खाली कातळ लागला की पाणी मुरत नाही. आर्द्रा नक्षत्राच्या एका सकाळी खड्डा तुडुंब भरलेला होता आणि अर्धवट रिकामा कॅन त्यात वर उचलला जाऊन, नरसाळ्यासकट एका अंगावर कलला होता. आत पाणी होते, पण त्यातले किती वरून आले आणि किती खड्ड्यातून गळ्यातून शिरले याला काही पुरावा नव्हता. मोजायला आलेल्या मुलाने पाणी मोजले, १,१२० मिलिलिटर भरले, आणि तो आकडा वहीत न लिहिता माझी वाट पाहत बसून राहिला. आम्ही त्या तारखेसमोर आडवी रेघ मारली आणि शेऱ्यात लिहिले, 'कॅन तरंगला, नोंद नाही. रात्रभर जोराचा पाऊस.' त्याच दिवशी उताराच्या बाजूने खड्ड्याला चर काढली आणि कॅनच्या दोन्ही अंगांना चिरे ठोकून बसवले.

या रेघेवरून नोंदवहीचा एक नियम ठरला आणि तो शेवटपर्यंत पाळला गेला. रकान्यात तीनपैकी एक खूण येऊ शकते. मोजले आणि पाणी नव्हते, तर शून्य. मोजलेच नाही किंवा मोजलेल्यावर भरवसा नाही, तर आडवी रेघ. पाऊस पडलेला दिसला, जमीन ओली होती, पण पाणी मोजण्याइतके निघाले नाही, तर 'अंश'. हवामान खाते ०.१ मिलिमीटरहून कमी पावसाला अशी वेगळी खूण ठेवते. महिनाअखेरीस बेरीज करताना शून्य आणि रेघ यांची किंमत सारखीच वाटते, दोन्हींनी बेरीज वाढत नाही. पण रेघ असलेल्या महिन्याची बेरीज 'इतकी तरी' असते आणि शून्य असलेल्या महिन्याची 'इतकीच' असते. रिकामी जागा शून्याने भरणे हा नोंदवहीतला सर्वांत सोपा आणि सर्वांत उशिरा सापडणारा खोटेपणा आहे, कारण वर्षभराने वही उघडणाऱ्याला तो कोरडा दिवस वाटतो.

'अंश' लिहायचा दिवस मुलांना फसवा वाटे, म्हणून आम्ही एक प्रयोग केला. उन्हात पूर्ण वाळलेल्या कड्यात आणि नरसाळ्यात ५० मिलिलिटर पाणी हळूहळू ओतले आणि कॅनमधून परत काढून मोजले. ४७ च्या आसपास भरले. बाकीचे तीन मिलिलिटर आतल्या भिंतीला, नळीला आणि कॅनच्या बुडाला चिकटून राहिले होते. तीन भागिले १८.१५, म्हणजे एका मिलिमीटरचा साधारण सहावा हिस्सा. आषाढातल्या दीडशे मिलिमीटरच्या दिवशी याला कोणी विचारणार नाही, पण श्रावणात ऊन पडून साधन वाळते आणि मग एक बारीक भुरभुर येऊन जाते, तेव्हा ती सगळीच्या सगळी भिंतीला चिकटून राहू शकते. म्हणून शेऱ्यात 'साधन आधी कोरडे' किंवा 'ओले' असे लिहायची सवय लावली. ज्या दिवशी अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस भरतो तो 'पावसाचा दिवस' मानतात. २.४ भरलेल्या एका सकाळी, साधन कोरडे होते असा शेरा असल्याने, तो दिवस धरायचा की नाही यावर चांगली चर्चा झाली. धरला नाही. आकडा होता तसा ठेवला.

जुलैत पुनर्वसू आणि पुष्य, म्हणजे गावच्या भाषेत तरणा आणि म्हातारा पाऊस, दोन्ही जोरात लागले. त्यातल्या एका सकाळी मोजणीला दोघी मुली होत्या. कॅन बाहेर काढायला दोघींनी हात लावला, मग एक लिटरच्या मापाने पाणी बादलीत ओतत गेल्या. एकीने माप ओतायचे, दुसरीने तेवढ्यातच चिऱ्यावर खडूने एक उभी रेघ मारायची. तीन रेघा झाल्या, उरलेले पाणी मोजपात्रात ३४० भरले. ३,३४० भागिले १८.१५, १८४ मिलिमीटर. हवामान खात्याच्या वर्गवारीत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अतिमुसळधार. पण मोजलेले पाणी लगेच ओतून द्यायचे नाही, दुसरीने तेच पाणी पुन्हा मोजायचे आणि दोन्ही जमले तर ओतायचे, हा नियम त्यांनीच केला होता. ओतलेल्या पाण्याची फेरमोजणी होत नाही, हे त्यांना विहिरीवर आणि रेशनच्या दुकानात शिकायला मिळालेले असावे.

गणपतीच्या सुट्टीत मोजणी थांबणार हे सगळ्यांना माहीत होते. कोकणात त्या दिवसांत कोणी कोणाला साडेआठला बाहेर ये म्हणून सांगू शकत नाही. तीन दिवसांनी एका मुलाने कॅन रिकामा केला, तेव्हा १,३०७ मिलिलिटर पाणी होते, म्हणजे ७२ मिलिमीटर. आता हे कुठे लिहायचे? मोजले त्या तारखेला ७२ लिहिले तर वहीत एक मुसळधार दिवस तयार होतो, कारण ६४.५ च्या पुढे मुसळधार धरतात, आणि असा दिवस प्रत्यक्षात झालाच नसेल. तीन दिवसांत २४, २४, २४ वाटून दिले तर पावसाचे तीन दिवस मिळतात, आणि तेही बहुधा खोटे, कारण गणपती आणायला गेले त्या दिवशी कोरडे होते. मूर्ती डोक्यावरून आणताना तिच्यावर प्लास्टिक घालावे लागले नाही, हे वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाने सांगितले. एका मुलीने सुचवले की आरतीला बाहेर पाऊस होता की नव्हता हे घरोघर विचारू आणि त्याप्रमाणे वाटून देऊ. सूचना चतुर होती, पण तिने मिळाला असता तो अंदाज होता, आणि अंदाज आकड्याच्या रकान्यात बसला की त्याचे अंदाजपण हरवते. शेवटी तीन तारखांना मिळून एक महिरप काढली, तिच्यासमोर ७२ लिहिले, आणि आरतीची सगळी माहिती शेऱ्यात गेली. महिन्याच्या बेरजेत ७२ धरायचे, पावसाच्या दिवसांच्या मोजणीत आणि मुसळधारच्या मोजणीत ते तीन दिवस धरायचे नाहीत. सप्टेंबरची पावसाच्या दिवसांची संख्या म्हणूनच आमच्या वहीत 'किमान' या शब्दासह आहे.

वहीची खरी परीक्षा वर्गाबाहेर झाली. ऑगस्टमध्ये एका रात्री आमच्याकडे ७१ मिलिमीटर भरले आणि एका पालकांच्या मळीचा बांध फुटून उभी लावणी गाळाखाली गेली. महसूल मंडळाचे स्वयंचलित हवामान केंद्र आमच्यापासून काही किलोमीटरवर आहे आणि त्या रात्री तिथली नोंद ५८ होती. शासनाच्या निकषाने चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर मंडळात अतिवृष्टी धरतात, आणि पुढचे पंचनाम्याचे बरेच काही त्यावर अवलंबून असते. ते गृहस्थ शाळेत आले आणि म्हणाले, "बाई, पोरांच्या वहीत एकाहत्तर आहे म्हणतात. त्याची नक्कल द्या."

मी नक्कल दिली, आणि तिच्याखाली साधन कसले आहे, तोंडाचे क्षेत्रफळ किती आणि कोणत्या वेळी मोजले तेही लिहिले. शाळेच्या कॅनला सरकारी नोंदीचा दर्जा नाही हे त्यांना सांगणे भाग होते, आणि त्यांना ते ठाऊकही होते. पण मुलांनी त्यानंतर विचारलेला प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. "आपला आकडा खरा की त्यांचा?"

उत्तरासाठी आधी दोन्ही साधनांच्या खोडी पाहाव्या लागल्या. आमचा काठ तोवर तासलेला होता, त्यामुळे पाच टक्के फुकटचे वाढले असण्याचा संशय उरला नव्हता. उरला असता तर ७१ मधून साडेतीन वजा होऊनही ६७ राहिले असते, हे एका मुलाने लगेच करून दाखवले. स्वयंचलित केंद्रात बहुधा दोन इवल्या पळ्यांचा झोका असतो. एक पळी भरली की ती उलटते आणि दुसरी नरसाळ्याखाली येते, आणि प्रत्येक उलटणे म्हणजे मिलिमीटरचा ठरलेला अंश. फार जोराच्या पावसात पळी उलटत असताना पडलेले पाणी मोजणीतून निसटते, म्हणून असे साधन मुसळधारेत थोडे कमी दाखवू शकते. पण या दोन्ही खोडी बाजूला ठेवल्या तरी ७१ आणि ५८ एकाच वेळी खरे असू शकतात. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला ७३ च्या आसपास. आमच्या कॅनने त्या रात्री १८१ चौरस सेंटिमीटर जागेचा पाऊस सांगितला, केंद्राने त्याच्या तोंडाखाली पडला तेवढ्याचा. त्या दोन तोंडांच्या मधला सारा मुलूख, ज्यात तो फुटलेला बांधही आला, कोणीच मोजलेला नव्हता. निकष मंडळाला एकच आकडा लावतो, ते सोयीचे असले तरी पाऊस मंडळाची हद्द पाहून पडत नाही, आणि घाटाच्या पायथ्याला तर नाहीच. माझे मत विचाराल तर मंडळात एकाच्या जागी चार मापके हवीत. वर्गात मात्र मी मत दिले नाही. शेऱ्यात दोन्ही आकडे लिहिले गेले, अंतरासह.

सप्टेंबर सरता सरता पाऊस बदलला. हस्ताचा पाऊस दुपारी गडगडत येतो, तासाभरात उरकतो आणि संध्याकाळी आकाश धुतलेले असते. साडेआठच्या एका आकड्याला यातले काही दिसत नाही. दिवसभर रिमझिम पडून भरलेले ३८ मिलिमीटर आणि तासाभरात ओतलेले ३८ मिलिमीटर त्याच्या लेखी सारखेच, पण पहिला जमिनीत जिरतो आणि दुसरा पिकत आलेले भात आडवे करतो. म्हणून कपाटावर ठेवून दिलेली बाटली पुन्हा खाली काढली. तासाभराच्या सरीला तिची आठ सेंटिमीटर उंची भरपूर होती. विजा चमकत असताना कोणाला मैदानात पाठवण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून पडवीतूनच वाचता यावे यासाठी पट्टीवर दर दहा मिलिमीटरला आलटून पालटून लाल आणि पांढरा पट्टा रंगवला आणि आत थर्माकोलचा एक मणी सोडला. मणी कोणत्या पट्ट्याला आहे ते लांबून ओळखू येते. अर्थात अशा वाचनात पाचाची मागे-पुढे धरावी लागते.

सत्र परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात एकदा तीनच्या सुमारास आभाळ भरून आले. पहिला थेंब पडला ती वेळ फळ्यावर लिहिली आणि दर पंधरा मिनिटांनी एकाने मणी पाहायचा असे ठरले. पहिल्या पंधरा मिनिटांत मणी दहाच्या पट्ट्यावर आला. दुसऱ्या पंधरा मिनिटांत कौलांच्या आवाजात बोललेले ऐकू येत नव्हते आणि मणी तिसाला पोचला. पुढच्या पावणेचारपर्यंतच्या वाचनात तो पस्तिसाच्या जवळ होता, आणि चारला तिथेच. म्हणजे निम्म्याहून जास्त पाऊस मधल्या पाव तासात पडला होता. त्या पाव तासाची गती तशीच टिकली असती तर तासाला ऐंशी मिलिमीटर झाले असते, हा गुणाकार मुलांनी आपणहून केला आणि 'टिकली नाही' असे कंसात लिहिले.

दुसऱ्या दिवशी साडेआठला कॅनमधून ६९० मिलिलिटर पाणी निघाले. ३८ मिलिमीटर. बाटली पस्तीस म्हणत होती, आणि तीनचा फरक लांबून वाचण्याच्या मागे-पुढेत बसत होता. पण वाडीतल्या मुलीने सांगितले की रात्री जेवणाच्या वेळी एक लहानशी सर येऊन गेली होती, तिच्या आईने वाळत घातलेले पोहे आत घेतले होते. फरक त्या सरीचा की मण्याच्या वाचनातला, हे आता ठरवता येण्यासारखे नव्हते. तिने आकड्याच्या रकान्यात ३८ लिहिले, आणि शेऱ्यात दोन ओळी: 'दुपारी ३ ते पावणेचार सुमारे ३५, बाटलीवरून. रात्री एक सर, मोजलेली नाही.'